सोप्पु दोन औंस

तिन्हीसांजेला कुणी उंबऱ्यात उभं राहिलेलं मला चालत नाही. सून असो, नातू असो, शेजारीण असो, आत या नाहीतर बाहेर व्हा, मधे खांबासारखं उभं राहू नका, असं मी तोंडावर सांगते. घरातले म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. पण का फिरलं ते कुणी विचारलं नाही, म्हणून आज न विचारताच सांगते.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी अनगोळची, शेतकऱ्याची पोर, फायनल पास झालेली, म्हणजे आमच्या गल्लीत मोठीच विद्वान. निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडं एका गावात जैन मुलींचं बोर्डिंग होतं. तिथं मला मास्तरीण म्हणून घेतलं. शिकवायचं, मुलींवर लक्ष ठेवायचं आणि तिथंच राहायचं. मुली अडतीस, बहुतेक चिकोडीकडच्या शेतकरी घरांतल्या, घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या. इमारत पूर्वी तंबाखूची वखार होती. भिंतींना दहादा चुना दिला तरी पावसाळ्यात तंबाखूचा वास यायचाच. खिडक्या उंच आणि एवढ्या एवढ्याशा. दिवसाउजेडीसुद्धा आतल्या सोप्यात निम्मा अंधार असायचा, आणि रॉकेल मिळायची मारामार, म्हणून संध्याकाळी अख्ख्या बोर्डिंगला एकच कंदील. तो मधल्या बोळात, माझ्या खोलीच्या दाराशी टांगलेला असायचा.

स्वयंपाकाला एक म्हातारी होती, तिला सगळ्या अव्वा म्हणायच्या. तीही जैनच, विधवा, तोंडात सगळी कानडी, मराठी मोडकी. हात मात्र असा की नुसत्या आमटीला जेवण म्हणावं. मी गेले तेव्हा चातुर्मास सुरू झाला होता. चातुर्मासात जैनांच्या घरी पालेभाजी शिजत नाही. पावसाळ्यात पानापानाला किडे असतात, ते मरतात, म्हणून चार महिने पाला बंद. जेवणही सूर्य मावळायच्या आत. मला पहिले आठ दिवस जड गेलं, मग सवय झाली. डाळ, भाकरी, ताक, कधी दोडका, कधी भोपळा. लढाईमुळं तूप तर डोळ्यांनाच बघायला मिळायचं, आणि तेही फक्त सणाला.

दसरा झाला आणि बोर्डिंगमध्ये भलतंच काही सुरू झालं.

मुली जेवून प्रार्थनेला सोप्यात बसायच्या. प्रार्थना संपेस्तोवर उजेड जायचा. मग उठून झोपायच्या खोलीत जायचं, एवढंच काम. एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की पाचसहा मुली उठतच नाहीत. बाकीच्या जातात आणि ह्या जागच्या जागी बसून राहतात, मान सरळ, डोळे उघडे. हाक मारली की दचकून उठायच्या आणि पुढचीची वेणी धरून चालायला लागायच्या. मी बोळाच्या दाराशी उभी असायची, वेणी धरलेली ती रांग माझ्यासमोरून जायची, अगदी गुपचूप. दिवसभर चिवचिवणाऱ्या पोरी त्या वेळी शब्द बोलत नसत, पावलं मोजत. मला ओठ हललेले दिसायचे. कुणी मधेच थांबली की मागच्या सगळ्या थांबायच्या आणि भिंतीवरून हात फिरवायच्या.

त्यातली एक दहा वर्षांची होती. कृश, काळी, भारी हुशार, पाढे म्हणताना मला मागं टाकणारी. आईवेगळी. तिचा बाप चिकोडीकडं तंबाखू पिकवायचा आणि महिन्यातून एकदा येऊन दारात गप्प बसून तिच्याकडं बघून जायचा. ही पोर मला एकदा म्हणाली, "आक्का, सांजच्याला भिंत पुढं सरकती."

मी म्हटलं, काहीतरी बडबडू नको. तिनं पुढं सांगितलं ते ऐकून मात्र माझ्या पाठीतून थंडी गेली. दारात एक बाई उभी असते म्हणे. बोलत नाही, हलत नाही. तोंड नसतं तिला. सगळ्या पोरींना ठाऊक होतं. तिला त्या 'दारातली' म्हणायच्या. कुणी म्हणायची की वखारीत पूर्वी पानं निवडायला येणारी एक बाई विहिरीत पडून मेली, तीच ही. दारातली ज्या मुलीकडं बघते तिचे डोळे ती घेऊन जाते. म्हणून मान वळवायची नाही, पावलं मोजत सरळ जायचं.

मी देवभोळी नव्हते, पण बावीस वर्षांची होते आणि एकटी होते. त्या दिवसापासून मी कंदील लागला की बोळाच्या त्या दारातून हलेनाशी झाले. म्हटलं, येऊ दे, बघतेच कोण येतंय. कुणी आलं नाही. मुली मात्र माझ्यासमोरून जाताना अंग चोरायच्या.

कार्तिकात डॉक्टर आले. निपाणीचे एक वयस्क डॉक्टर महिन्याला बोर्डिंगमध्ये फेरी मारायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, दारातलीचं सुद्धा. ते हसले नाहीत. त्यांनी मुलींना ओळीनं बसवलं, एकेकीची पापणी ओढून बघितली. त्या काळ्या पोरीच्या डोळ्यापाशी थांबले. बुबुळाच्या शेजारी, कानाकडच्या बाजूला, पांढऱ्या भागावर साबणाचा फेस वाळून चिकटावा तसा डाग होता. डॉक्टर म्हणाले, हे भूतबीत काही नाही, हा रातांधळेपणा आहे. चार महिने पाला नाही, तूप नाही, दूध नावाला. डोळ्यांना जे लागतं ते संपलं. बाकीच्यांचं साधं आहे, पण ह्या पोरीला लवकर आवरलं नाही तर बुबुळ विरघळून जाईल, मग देव आला तरी डोळा परत येणार नाही.

औषध होतं. माशाच्या काळजाचं तेल. डॉक्टरांनी शब्द उच्चारला आणि दाराशी बसलेली अव्वा उठून आत गेली. बापाला निरोप गेला, तो दुसऱ्या दिवशी चालत आला. डॉक्टरांपुढं हात जोडून म्हणाला की आमच्या सात पिढ्यांत कुणी मुंगी मारली नाही, पोरीच्या तोंडात मासा कसा घालू. दुसरं काही असंल तर सांगा, जीव गहाण टाकतो.

डॉक्टरांनी पोरीची पापणी पुन्हा एकदा ओढून बघितली. मग म्हणाले, दुसरं आहे. पाला. चातुर्मास संपलाच आहे. मेथी, पालक, राजगिरा, काहीही हिरवं. पण वाटेल तसा नाही, औषधासारखा मोजून. रोज चार औंस निवडलेला पाला ह्या पोरीच्या पोटात गेला पाहिजे, फोडणीला तेल घालून, कारण तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. महिनाभर बघू. गुण येत असेल तर तेलाचं नाव काढणार नाही. गुण नाही आला तर मात्र माझं ऐकायचं. बापानं मान डोलावली. पोरीचे डोळे त्या दिवसापासून तागडीत ठेवलेले होते, आणि ती तागडी डॉक्टरांनी माझ्या हातात दिली. खरोखरीच दिली. दवाखान्यातली पितळी तागडी आणि औंसाची वजनं.

मला फार मोठं वाटलं. काय सांगू.

डॉक्टरांकडं एक छापील पुस्तक होतं. कुठल्या पदार्थात किती काय आहे त्याचे तक्ते. शंभर ग्रॅमला किती ते एका रकान्यात, आणि आमच्याकडं ग्रॅमची वजनं कुठली, म्हणून डॉक्टरांनी शेजारी शाईनं औंसाचा हिशेब मांडलेला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला मेथीवर बोट ठेवून सांगितलं की हा आकडा कच्च्या, निवडलेल्या पाल्याचा आहे. शिजलेल्याचा नाही. मी विचारलं, त्यात काय फरक पडतो, मेथी ती मेथी. तेव्हा त्यांच्या बायकोनं चुलीवर करूनच दाखवलं. आठ औंस पानं कढईसकट तोलली, थेंबभर तेलावर परतली. टोपलीभर पाला बघता बघता मूठभर झाला, ते तर कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण कढईसकट पुन्हा तोलून कढईचं वजन वजा केलं तेव्हा भाजी भरली चार औंस. निम्मं पाणी वाफ होऊन गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ओलं लुगडं वाळलं की हलकं होतं, पण काठ काही कमी होत नाही. तसंच हे. डोळ्यांना लागणारा जो गुण आहे, तो वाफेबरोबर जात नाही, बहुतेक सगळा कढईतच राहतो. म्हणजे आठ औंसांतला गुण आता चार औंसांत आला. शिजलेल्या एका औंसात कच्च्या दोन औंसांचा माल. तेव्हा शिजलेली भाजी तोलून तिला पुस्तकातला कच्चा आकडा लावला, तर हिशेब निम्मा येईल. आणि हेही सगळीकडं चालत नाही, डाळ नि पाणी घालून पातळ भाजी केली तर वजन उलट वाढेल, आणि पाण्यालाच पाला म्हणून मोजत बसाल. जे तोलाल, त्याचाच आकडा लावा. कच्चं तर कच्चा, शिजलेलं तर शिजलेला.

मला पटलं. इतकं पटलं की मी शहाणपणा केला. बोर्डिंगमध्ये अडतीस जणींची भाजी एका कढईत शिजणार, त्यातली ह्या पोरीच्या ताटात किती पडली ते शिजल्यावरच कळणार, नाही का? म्हणून मी ठरवलं की शिजलेलीच तोलायची. मोकळी भाजी निम्मी होते, चार औंस पाला म्हणजे दोन औंस भाजी. येऊन अव्वाला सांगितलं, रोज ह्या पोरीला दोन औंस भाजी तोलून द्यायची, तागडीत. अव्वानं दोन बोटं दाखवून विचारलं, एवढीच? मी म्हटलं, एवढीच, पण रोज. आणि वहीत रकाना आखला. पाला, कच्चा, औंस चार.

अव्वा स्वयंपाक करायची तेव्हा मी वर्गात असायची. जेवणं झाली की मी तिला विचारायची, अव्वा, दोन औंस? ती म्हणायची, "व्हय आक्का. सोप्पु दोन औंस." मी वहीत चार लिहायची.

हे मी रोज ऐकत होते. रोज.

आणि मुलींवर नीट लक्ष ठेवून लिहायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिन्हीसांजेला कोण अडखळतं, कोण भिंत धरतं, कोण मान वळवत नाही. बोलू नका म्हणाले, हाक मारली की पोरी आवाजाच्या अंदाजानं चालतात आणि खरं कळत नाही. म्हणून मी बोळातल्या दारात उभी राहायची, कंदील पाठीशी, वही छातीशी, गप्प. पंधरा दिवसांत बाकीच्या मुलींची रांग सैल झाली. त्यांना भाजी सगळ्यांबरोबर मिळत होतीच, अंगणातली पिकली पपईही त्या चोरून खायच्या. एकेक करून वेण्या सुटल्या. बोलणं परत आलं. एकटी ती पोर राहिली. सगळ्या निघून जायच्या आणि ही सोप्यातून एकटीच यायची, दोन्ही हात पुढं, पावलं मोजत. माझ्यापासून दोन हातांवर आली की थांबायची. चेहरा वर करायची. आणि मग श्वास रोखून भिंतीला घासत माझ्या बाजूनं निघून जायची.

ती थांबायची ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, माझ्या मागं कुणी उभं आहे, ते हिला दिसतंय आणि मला दिसत नाही. एकदा तर मी गर्रकन वळून बघितलं. बोळ रिकामा. तंबाखूचा वास मात्र आला, भर हिवाळ्यात.

मार्गशीर्षात डॉक्टर आले. डाग तसाच, उलट दुसऱ्या डोळ्यावरही आलेला. त्यांनी वही मागितली. पान उलटून पान उलटून बघितलं, रोज चार, रोज चार, एक दिवस चुकलेला नाही. माझी मान ताठ होती. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाले, पाला तर पुरेपूर चाललाय. मग हिच्या पोटात तो मुरत नसेल, नाहीतर हा काही निराळाच आजार असेल. मी बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांना लिहून विचारतो, तोवर चालू ठेवा. बापही आला होता. त्यानं विचारलं, तेल? डॉक्टर म्हणाले, पाला एवढा जाऊनही गुण नाही, तर तेलात तरी तीच वस्तू आहे, कशाला तुम्हाला धर्मसंकटात घालू. थोडं थांबू.

माझ्या वहीनं त्या दिवशी ते तेल थांबवलं. हे मी कुणावर ढकलत नाही.

बोर्डिंगमध्ये आता उघड कुजबूज सुरू झाली. औषधही लागू पडत नाही म्हणजे दारातलीचंच काम. पोरी तिच्याशेजारी झोपेनात. मलाही खरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. शिकलेली बाई मी, पण उशाखाली अंगारा ठेवून झोपायची.

पौषात गोवर आला. सातआठ मुलींना झाला, सगळ्या बऱ्या झाल्या. हिला गोवरापाठोपाठ जुलाब लागले. एके दिवशी भर दुपारी मी तिच्या अंथरुणाशी बसले होते. कौलांतून उन्हाची तिरीप थेट तिच्या छातीवर पडलेली. तिनं तोंड माझ्याकडं केलं आणि हळूच म्हणाली, "आक्का, अजून कंदील लावला न्हाय?"

मी उठले ती पळतच सुटले. माणूस पाठवून डॉक्टरांना आणवलं. त्यांनी डोळे उघडून बघितले. डाव्या बुबुळाची चमक गेलेली, काचेवर वाफ धरावी तसं ते झालं होतं, आणि मधोमध खळगा. उजवंही मंद. डॉक्टर उभे राहिले, माझ्याकडं बघितलं नाही, थेट स्वयंपाकघरात गेले. म्हणाले, मला आज हिची भाजी शिजवून वाढा, जशी रोज वाढता तशी.

अव्वानं तागडी आणली. मेथीच्या जुडीची मुळं तोडली आणि देठासकट पाला पारड्यात घातला, दोन औंस. मग पानं खुडली, देठ बाजूला टाकले, आणि चिमुकल्या लोखंडी कढईत, फक्त त्या पोरीसाठी ठेवलेल्या वेगळ्या कढईत, तेल घालून परतली. इतक्या मायेनं करत होती की बघवत नव्हतं. वाटीत काढली ती बोटभर भाजी. डॉक्टरांनी ती वाटीसकट पारड्यात ठेवायला घेतली, तशी अव्वानं झटकन तागडी मागं ओढली.

मी म्हटलं, अव्वा, दोन औंस भाजी तोलायला सांगितलं होतं ना?

तिनं माझ्याकडं बघितलं. पदरानं पारडं पुसलं. म्हणाली, "शिजलेलं तागडीत कसं घालू, आक्का? खरकटं हुतंय. मी रोज सोप्पु म्हणत हुते. तुम्ही भाजी समजत हुता."

कानडीत दोन शब्द आहेत. कच्चा पाला तो सोप्पु. शिजला की पल्ल्या. आपल्या मराठीत बाजारातली जुडी पण भाजी आणि ताटातली पण भाजी. मी अनगोळची, दोन्ही भाषा माझ्या कानांवरून गेलेल्या. आणि खरकट्याचं काय मला कुणी शिकवायला पाहिजे होतं? माझ्या आईनं तरी कधी शिजला भात तागडीत घातला असता का? शिजलेलं लागलं की पारडं बाटलं, मग त्यात धान्य तोलता येत नाही, हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आले. तरी त्या म्हातारीला मी सांगून मोकळी झाले, आणि ती बिचारी करता येण्यासारखं होतं तेवढं करत राहिली.

डॉक्टरांनी तागडी स्वतःकडं घेतली आणि दुसऱ्या पारड्यात तसलीच रिकामी वाटी ठेवून भाजी तोलली. औंसभरही नव्हती. देठ गेले, पाणी गेलं. ठरलेला चार औंस पाला, त्यातला दोन औंस देठासकट पारड्यात, आणि देठ वजा जाता पोटात गेला तो त्याहून कमी. मी मात्र शिजलेले दोन समजून दुप्पट करून चार लिहीत होते. जो पाला आधीच कच्चा होता, त्याला मी पुन्हा कच्चा केला होता.

बाप बाहेर ओट्यावर बसला होता. डॉक्टरांनी त्याला एका वाक्यात सांगितलं, पाला पोचलाच नाही, आता पाल्याला वेळ नाही. तो उठून आत आला, पोरीच्या उशाशी बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "द्या तेल. पाप माझ्या नावावर." अव्वा चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

तेल दिलं. उजवा डोळा राहिला. दोनतीन दिवसांतच त्याच्यात चमक परत आली, डॉक्टरांनाही नवल वाटलं. डावा गेला. त्याच्यावर पांढरं पडलं ते कायमचं. डॉक्टर मला म्हणाले, गोवर नसता आला तर कदाचित एवढं झालं नसतं, सगळं स्वतःवर घेऊ नका. भला माणूस होता. पण मी वही काढली आणि रोजच्या चारावर रेघ मारून शेजारी एक लिहिला, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. लिहून काय झालं? काही नाही.

बाप पोरीला घरी घेऊन गेला. बोर्डिंगमध्ये पोरी म्हणाल्या, दारातलीनं एक डोळा नेला, आता ती परत यायची नाही. मीही नोकरी सोडली आणि बेळगावला आले.

इंग्रज जायच्या आदल्या उन्हाळ्यात मला चिकोडीकडं एका लग्नाला जावं लागलं. त्याच गावात ती पोर राहते असं कळलं. जावं की नको असा जीव खालीवर झाला, पण गेले. तेरा-चौदा वर्षांची झाली होती, उंच, अंगानं भरलेली. मान किंचित डावीकडं वळवून उजव्या डोळ्यानं बघायची. मला बघून धावत आली, पाया पडली, बापाला हाक मारली, भाकरी टाकायला बसली. ऊन उतरलं होतं. जैनांचं घर, उजेड आहे तोवर जेवायचं म्हणून तिची घाई चाललेली. ताटात मेथीची भाजी वाढली, ढीगभर. मी ताट बाजूला सरकवलं.

मी सगळं सांगून टाकलं. दोन औंस, चार औंस, सोप्पु, भाजी, वही, सगळं. बाप बाहेर बैलांशी होता. ती ऐकत होती, चुलीतली लाकडं मागं ओढत होती. माझं संपल्यावर म्हणाली, आप्पांनी सांगितलंय मला, आक्का, तुम्ही जेवा. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, सुटले.

जेवून उठले तेव्हा दिवस मावळत होता. हात धुवायला परसात गेले आणि परत येताना पदराला हात पुसत दारात थांबले. माझ्या मागं उजेड होता आणि घरात अंधार. ती चुलीपाशी वाकलेली, वर बघायला म्हणून तोंड उचललं, आणि दगडासारखी थिजली. श्वास रोखलेला मला ऐकू आला. तोच. दोन हात पुढं आलेले, तसेच.

मी घाबरून म्हटलं, अगं, काय झालं? मीच आहे.

तिनं हात खाली घेतले. मान डावीकडं वळवून माझ्याकडं बघितलं, एका डोळ्यानं.

"व्हय, आक्का," ती म्हणाली. "ती तुम्हीच हुता. वही धरून रोज उभं ऱ्हायच्या. तोंड तेवढं दिसायचं न्हाय."